मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पोट का बिघडतं, आणि गोळी जेवणात नेमकी कुठे घ्यायची

काकूंचं वय ५४. तीन महिन्यांपूर्वी मधुमेहाचं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं लिहून दिलं होतं. आता त्या नवी चिठ्ठी घेऊन माझ्या काउंटरवर उभ्या होत्या. जुनी गोळी कायम होती आणि तिच्या खाली आणखी एक औषध वाढवलेलं होतं. कारणही चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ८.२ वरून जेमतेम ८.१ झाला होता.

मी संगणकावर त्यांची आधीची खरेदी काढली. दिवसाला दोन गोळ्या आणि ९० दिवस, म्हणजे १८० गोळ्या लागायला हव्या होत्या. काकूंनी नेल्या होत्या ३०.

"काकू, बाकीच्या दुसरीकडून घेतल्या का?"

त्यांनी आधी नुसती मान हलवली, मग आवाज खाली आणला. "नाही हो दादा. त्यातल्याही अकरा घरी पडल्यात. गोळी घेतली की तासाभरात पोट धरून बसायची वेळ. आणि तोंडात सारखं लोखंड चघळल्यासारखं. डॉक्टरांना काय सांगणार, ते म्हणतील एवढंही सहन होत नाही का."

म्हणजे ९० दिवसांत १९ गोळ्या. त्याही सलग नाहीत, दोन दिवस घ्यायच्या, चार दिवस सोडायच्या, पुन्हा घ्यायच्या अशा. औषधाला काम करायची संधीच मिळाली नव्हती. डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून समोरचा आकडा बघून त्यांनी दुसरं औषध जोडलं. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. मेटफॉर्मिनच्या बाबतीत हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता जुलाबांपेक्षा मला त्याबद्दल गप्प राहण्याची जास्त धास्ती वाटते.

काकूंना विचारलं, गोळी कधी घेत होतात? "जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. माझा भाऊ साखरेची गोळी तशीच घेतो." इथेच मेख होती. भावाची गोळी वेगळ्या जातीची. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या काही गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या असतात, म्हणजे जेवणातली साखर रक्तात येईपर्यंत इन्सुलिन तयार असतं. मेटफॉर्मिन त्या पद्धतीने काम करत नाही. ते मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं, आणि त्याचा परिणाम दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशोबाने साठत जातो. एका जेवणाशी त्याची शर्यत नसते. त्यामुळे ते रिकाम्या पोटी घेऊन मिळत काही नाही, त्रास मात्र वाढतो.

आतड्यात काय घडतं

गोळी गिळली की ती पोटात आणि पुढे लहान आतड्यात विरघळते. तोंडावाटे घेतलेल्या मेटफॉर्मिनपैकी साधारण निम्मं, ५० ते ६० टक्के, रक्तात शोषलं जातं. उरलेलं आतड्यातच राहतं आणि शौचावाटे निघून जातं. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की आतड्याच्या भिंतीत हे औषध रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं. मोजमापांत ते रक्तातल्या पातळीच्या ३० ते ३०० पट आढळलं आहे. म्हणजे आपण ज्याला साखरेची गोळी म्हणतो, तिचा सगळ्यात दाट मुक्काम आतड्यात असतो. त्रासही तिथेच व्हावा यात नवल नाही.

तिथे ते काय करतं, याची एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत. सगळ्यात सहज समजणारं उत्तर पित्ताचं. जेवणातली चरबी पचवायला यकृत पित्तरस सोडतं, आणि काम झालं की लहान आतड्याचा शेवटचा भाग त्यातली पित्ताम्लं परत शोषून घेतो. मेटफॉर्मिन या परतीच्या वाटेत अडथळा आणतं. मग न शोषलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि शौचाला पातळ होतं. शिवाय आतड्यात सेरोटोनिन नावाचं रसायन आतड्याची हालचाल ठरवतं. त्याच्या ने-आणीतही मेटफॉर्मिन ढवळाढवळ करतं, त्यामुळे मळमळ आणि पोटात कळा येऊ शकतात. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, गॅस वाढतो. यातलं कोणाच्या वाट्याला किती येईल हे बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे. आतड्याच्या पेशींत औषध आत-बाहेर नेणारी जी दारं असतात, त्यांच्या घडणीतच माणसामाणसांत फरक असतो. शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी २००० पचलं म्हणून तुम्हाला ५०० पचावं असा नियम नाही, आणि उलटही नाही.

किती जणांना त्रास होतो? मेटफॉर्मिनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात एका चाचणीचे आकडे छापलेले असतात. त्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ५३ टक्क्यांना जुलाब झाले, मळमळ किंवा उलटी सुमारे २६ टक्क्यांना. वाचून छाती दडपते. पण त्याच तक्त्यात आणखी दोन आकडे आहेत, ते सहसा कुणी वाचत नाही. औषध नसलेली डमी गोळी घेणाऱ्यांपैकीही जवळजवळ १२ टक्क्यांना जुलाब झाले. आणि जुलाबामुळे मेटफॉर्मिन सोडून द्यावं लागलं ते फक्त ६ टक्क्यांना. म्हणजे त्रास होणारे पुष्कळ आणि तो टिकून राहणारे थोडे. मधल्या मोठ्या गटाचं पोट काही दिवस कुरबुर करतं आणि मग जुळवून घेतं. बहुतेकांना यासाठी दोन ते चार आठवडे लागतात.

काकूंचं इथे दुहेरी नुकसान झालं होतं. आतड्याला सवय लागायची तर औषध रोज थोडं थोडं यायला हवं. चार दिवस सोडून पुन्हा सुरू केलं की आतड्यासाठी तो जवळपास पहिलाच दिवस. त्या १९ गोळ्यांत त्यांनी पहिला आठवडा पाच-सहा वेळा भोगला आणि दुसऱ्या आठवड्यात एकदाही पोचल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. निदान झालं की माणूस फक्त गोळी सुरू करत नाही, खाणंही एका रात्रीत बदलतो. कडधान्यं आणि पालेभाज्या दुप्पट होतात, साखरेऐवजी शुगर-फ्री पदार्थ येतात. तोंडाची विचित्र चव घालवायला काही जण शुगर-फ्री गोळ्या चघळत बसतात. त्यांपैकी अनेकांत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं, आणि ते जास्त झालं तर त्यानेच पोटात गॅस होतो आणि जुलाब होतात. गोळी आणि आहार एकाच सोमवारी सुरू झाला असेल, तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. खाण्यातले बदल थोडे सावकाश केले तर निदान गुन्हेगार ओळखता येतो.

"जेवणाबरोबर" म्हणजे कधी

चिठ्ठीवर "जेवणाबरोबर" लिहिलेलं असतं आणि त्याचे घरोघरी तीन अर्थ होतात. कुणी पान वाढायच्या आधी गिळतं, कुणी जेवल्यावर तासाभराने, तर कुणी झोपताना आठवली की. मी सांगतो ते असं: अर्धं जेवण झालं की गोळी घ्या, वर पाणी प्या आणि उरलेलं जेवण संपवा. ते अवघड वाटत असेल तर शेवटचा घास संपला की ताटावरून उठायच्या आत घ्या. गोळी अन्नात मिसळली जावी, तिच्या खाली आणि वर अन्न असावं, एवढाच हेतू.

याने नेमकं काय होतं त्याचीही मोजमापं आहेत. साधी, लगेच विरघळणारी ८५० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबर घेतली तर रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहते, आणि ती गाठायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. एकूण शोषणही साधारण पाव हिश्शाने घटतं. यावर एक चौकस प्रश्न हमखास येतो, मग औषध वाया नाही का गेलं? नाही. डोस किती ठेवायचा हे जेवणाबरोबर घेतलेल्या गोळीवरच ठरलेलं आहे, आणि हे औषध एका उसळीवर चालत नाही. उसळी बोथट झाली आणि औषध आतड्यात सावकाश पसरलं, तर पोटाच्या दृष्टीने ते चांगलंच.

जेवण म्हणजे पंगतच हवी असं नाही, पण दोन घास खाऊन भागतही नाही. ज्यांचा सकाळचा नाश्ता नावापुरता असतो त्यांना सकाळच्या गोळीचा त्रास जास्त होतो. ते स्वतःच म्हणतात, रात्रीची गोळी बाधत नाही, सकाळचीच बाधते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून सकाळची गोळी दुपारच्या जेवणावर नेता येते. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाला गोळी जोडणं ही साधी युक्ती आहे, पण पुष्कळांना तेवढीच पुरते. खूप तेलकट, जड जेवणाची गरज नाही. पित्ताचं वर सांगितलं ते आठवा. चरबी जास्त तर पित्त जास्त, आणि ज्याला पातळ होतंय त्याच्यासाठी ते सोयीचं नाही.

जेवण चुकलं तर? उपाशी पोटी गोळी ढकलू नका. पुढच्या जेवणाला नेहमीची गोळी घ्या, चुकलेली भरून काढायला दोन घेऊ नका. दुप्पट गोळीने साखर दुप्पट उतरत नाही, पोट मात्र त्याच दिवशी हिशोब चुकता करतं.

आता गोळीच्या प्रकाराबद्दल. मेटफॉर्मिन दोन तऱ्हेचं मिळतं. एक साधं, आणि दुसरं सावकाश विरघळणारं. दुसऱ्याच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा पीआर असं काहीतरी असतं. साध्या गोळीची रक्तातली पातळी दोन-तीन तासांत शिखर गाठते, सावकाश विरघळणारीची सुमारे सात तासांनी. गोळीतलं औषध एकदम बाहेर न पडता झिरपत राहतं, म्हणून एका जागी भार पडत नाही. साध्या गोळीने ज्यांचं पोट बिघडतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही बदलून दिली की फरक पडतो. ती सहसा रात्रीच्या जेवणाबरोबर एकदाच घेतात. तिच्या बाबतीत अन्नाचा परिणाम उलटा होतो, जेवणाबरोबर घेतल्यास शोषण वाढतं, त्यामुळे तीही जेवणाबरोबरच घ्यायची. मात्र ती चघळायची, कुटायची किंवा पाण्यात विरघळवायची नाही. तसं केलं तर सात तासांत सुटायचं औषध एकदम पोटात ओतलं जातं. आणि कधी शौचात गोळीच्या आकाराचं मऊ टरफल दिसलं तर घाबरू नका. काही बनावटींत ते दिसतं. औषध आतून झिरपून गेलेलं असतं, बाहेर येतो तो रिकामा सांगाडा.

तोंडातलं लोखंड

चवीचा त्रास पोटापेक्षा कमी जणांना होतो, शंभरात एकापासून दहांपर्यंत. पण ज्याला होतो त्याला जेवण नकोसं होतं. जुन्या नाण्याला जीभ लावल्यासारखं वाटतं, पाणीसुद्धा कडवट लागतं.

लोकांना वाटतं गोळी जिभेला लागते म्हणून चव येते. थोडा वेळ तसं होतंही, कारण औषध मुळात कडू आहे. पण दिवसभर रेंगाळणारी चव आतून येते. रक्तातलं मेटफॉर्मिन लाळग्रंथींमधून लाळेत उतरतं आणि लाळ तर जिभेवर सतत असतेच. म्हणूनच ब्रश केल्यावर दहा मिनिटं बरं वाटतं आणि चव परत येते. यात दात किंवा तोंड खराब झालेलं नसतं, गोळीत धातूही नसतो.

यावर रामबाण उपाय नाही. चव बहुधा काही आठवड्यांत आपोआप फिकी होते. तोवर गोळी तोंडात न घोळवता भरपूर पाण्याबरोबर लगेच गिळावी, जेवणात थोडा आंबटपणा ठेवावा, जीभ साफ करावी आणि पाणी पीत राहावं. तोंड कोरडं पडलं की चव जास्त जाणवते. रात्रीच्या जेवणाला घेतलेल्या गोळीची चव बरीचशी झोपेत निघून जाते, हा त्या वेळेचा आणखी एक फायदा.

इथे एक सापळा आहे. मेटफॉर्मिनने जुलाब होतात, माणूस समजतो काही बाधलं, आणि मागच्या आजारपणातल्या उरलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या घरात असतात त्या सुरू करतो. मेट्रोनिडाझोल हे धातूसारखी चव आणण्यासाठी प्रसिद्ध औषध आहे आणि त्यानेही मळमळ होते. मग तीन दिवसांनी तो सांगतो, साखरेच्या गोळीने तोंडाची पार चव गेली. दोन्ही नावांची सुरुवात सारखी, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. चव बिघडण्याबद्दल डॉक्टरांशी बोलताना गेल्या पंधरा दिवसांत घेतलेली सगळी औषधं सांगावीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिक्सनेही असंच होतं. आणि महिना-दीड महिन्यानंतरही चव तशीच राहिली, हिरड्या सुजल्या असतील किंवा जिभेवर पांढरा थर असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

काकूंची दुसरी सुरुवात

नवं औषध मी त्या दिवशी दिलं नाही. काउंटरवरूनच काकूंच्या फोनने डॉक्टरांना लावला आणि बोलायला त्यांनाच सांगितलं. मी फक्त एक वाक्य सुचवलं: "तीन महिन्यांत १९ गोळ्याच घेतल्यात, रिकाम्या पोटी घेत होते, जुलाब होत होते म्हणून सोडल्या." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वाढवलेलं औषध तूर्त थांबवलं आणि मेटफॉर्मिन नव्याने लिहून दिलं.

या वेळी सावकाश विरघळणारी ५०० ची एकच गोळी, रात्रीच्या जेवणाच्या मध्यात, दोन आठवडे. पहिल्या चार दिवसांत सकाळी एकदा सैल व्हायचं, पोट गुडगुडायचं, पण घराबाहेर पडता येत होतं. दुसऱ्या आठवड्यात तेही बसलं. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या जेवणाबरोबर दोन गोळ्या, म्हणजे १०००. पुन्हा दोन दिवस कुरबुर झाली आणि थांबली. डोस वाढवला की हे असं पुन्हा होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे काकू डगमगल्या नाहीत. साधारणपणे ५०० ने आठवड्याला एकदा वाढवतात. पोट हळवं असेल तर दोन आठवडे थांबायला काहीच हरकत नसते.

पाचव्या आठवड्यात १५०० केलं आणि इथे मात्र जमलं नाही. दिवसाला चार-पाच वेळा पातळ, सलग दहा दिवस. काकूंनी गोळी स्वतःहून सोडली नाही, फोन केला. डॉक्टरांनी डोस परत १००० वर आणला आणि तिथेच ठेवला. यात काही हरल्यासारखं नाही. मेटफॉर्मिनचा बराचसा फायदा मधल्या डोसलाच मिळतो, वरच्या प्रत्येक पायरीवर तो थोडा थोडाच वाढतो. १००० नियमित घेणारा माणूस २००० लिहून घेऊन डबीत ठेवणाऱ्यापेक्षा पुढे असतो. तीन महिन्यांनी त्यांचा एचबीए१सी ७.२ होता. दुसऱ्या औषधाची गरज तेव्हा पडली नाही. पुढे पडेलही, मधुमेह हा तसाच आजार आहे, पण ती खऱ्या कारणाने पडेल.

डॉक्टरांना कधी सांगायचं

पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला एक-दोनदा सैल होणं, गॅस, भूक मंदावणं, चव बदलणं हे अपेक्षित धरा. पुढच्या भेटीत सांगा, पण गोळी चालू ठेवा. जुलाब दिवसाला चार-पाच वेळा होत असतील, मळमळीने जेवण जात नसेल, किंवा महिना होत आला तरी त्रास उतरणीला लागला नसेल, तर भेटीची वाट न बघता फोन करा. डॉक्टरांच्या हातात करण्यासारखं बरंच असतं. डोस खाली आणणं, गोळीचा प्रकार बदलणं, वेळ बदलणं, आणि खरंच जमत नसेल तर दुसरं औषध देणं. काही जणांना मेटफॉर्मिन कधीच झेपत नाही. त्यांची यादी छोटी आहे, पण ती आहे.

फोनवर "पोट बिघडलंय" एवढंच सांगितलं तर डॉक्टरही अंधारात चाचपडतात. गोळी कोणती आणि किती ताकदीची, कितव्या दिवसापासून त्रास, जेवणाच्या आधी घेतली की नंतर, दिवसातून किती वेळा, ताप किंवा रक्त आहे का, आणि आठवड्यात किती गोळ्या प्रत्यक्षात पोटात गेल्या, एवढं सांगा. शेवटचा आकडा खरा सांगा. बाकी कुठली औषधं चालू आहेत तेही सांगा, विशेषतः आम्लपित्ताच्या गोळ्या. आणि मधुमेहाचं दुसरं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते आधी सांगा. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही, पण इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणारी गोळी बरोबर असेल आणि पोट बिघडल्यामुळे जेवण होत नसेल, तर साखर उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची खूण.

मेटफॉर्मिनचे जुलाब आणि पोटाचा संसर्ग यांत फरक करता येतो. औषधाचे जुलाब गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दिवसांतच सुरू होतात, त्यांना ताप नसतो, घरात दुसऱ्या कुणाला नसतात. शौचात रक्त दिसलं, ताप आला, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब झाले किंवा कारण नसताना वजन झपाट्याने उतरलं, तर ते मेटफॉर्मिनच्या माथी मारून गप्प बसू नका. वर्षानुवर्षं गोळी नीट पचत असताना अचानक जुलाब लागले, तरी तपासून घ्या. कधी गोळीचा ब्रँड किंवा प्रकार बदललेला असतो, कधी औषधच उशिरा त्रास देऊ लागतं, पण आधी बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात.

एक प्रसंग मात्र असा आहे जिथे गोळी चालू ठेवण्याचा हट्ट चुकीचा ठरतो. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, ते जसंच्या तसं मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. उलट्या-जुलाब जोरात असले आणि प्यालेलं पाणी टिकत नसलं की शरीर कोरडं पडतं, मूत्रपिंडांचं काम मंदावतं आणि औषध रक्तात साठू लागतं. त्यातून लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. हे फार क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा दिवशी पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ते बहुधा गोळी थांबवायला सांगतील, आणि खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा सुरू करायला. इन्सुलिनबद्दल मात्र स्वतः निर्णय घेऊ नका. त्याचा नियम वेगळा आहे. श्वास जोरजोरात, खोल लागणं, अंग गार पडणं, स्नायू विनाकारण दुखणं, विलक्षण थकवा आणि गुंगी, यांतलं काही उलट्या-पोटदुखीबरोबर दिसलं तर फोनमध्ये वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

याच कारणाने मेटफॉर्मिन देण्याआधी आणि नंतर अधूनमधून मूत्रपिंडांची रक्ततपासणी करतात. तिच्या अहवालात ईजीएफआर नावाचा आकडा असतो. तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत, ३० ते ४५ मध्ये असेल तर सहसा नव्याने सुरू करत नाहीत. शिरेतून रंगद्रव्य टोचून स्कॅन करायचा असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा मद्यपान जास्त असेल, तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा.

काकूंनी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला आहे: एका बाजूला गोळीची वेळ, "जेवणाच्या मध्यात", आणि दुसऱ्या बाजूला "उलट्या-जुलाब जोरात तर आधी फोन". आता त्या दर महिन्याला ६० गोळ्या नेतात. मागच्या खेपेला विचारत होत्या की पायाला मुंग्या येतात, त्याचा या गोळीशी काही संबंध आहे का. मधुमेहानेही मुंग्या येतात, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व कमी होऊनही येतात. त्यांची गोळी अजून एका वर्षाचीही नाही, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगून बी१२ ची तपासणी करून घ्या, असं मी म्हणालो. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि चिठ्ठीच्या मागे तेही लिहून घेतलं.